पाळीनंतरची झोप: योगनिद्रा, देहनिरीक्षण आणि ध्यान यांतील भेद

झोप येत नसेल तर ध्यान करावे, असा सल्ला आज सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्याच्या मनात ध्यान, योगनिद्रा आणि इंग्रजीत ज्याला ‘बॉडी स्कॅन’ म्हणतात ते देहनिरीक्षण ही तिन्ही बहुधा एकाच पंक्तीत बसलेली असतात. डोळे मिटणे, श्वासाकडे लक्ष देणे, हालचाल थांबवणे ही बाह्य लक्षणे तिन्हींत सारखी असल्याने हा समज स्वाभाविक आहे. परंतु अंथरुणावर पडून झोपेची वाट पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यांपैकी एक साधन झोपेला मुद्दाम दूर ठेवणारे आहे आणि उरलेली दोन तिच्या उंबरठ्यापर्यंत नेणारी आहेत, हा फरक कळला नाही तर सल्ला पाळूनही जाग वाढते. हा फरक नेमका कशात आहे, तो शरीराच्या कोणत्या व्यवहारांवर उभा आहे आणि रात्रपाळी करणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग कसा आणि कुठवर होतो, हे या प्रस्तावनेत पाहावयाचे आहे.

या विवेचनासाठी बोईसर–तारापूरचा परिसर समोर ठेवण्याचे कारण सरळ आहे. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली, त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले, आणि २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा या भागातील हजारो घरांचे जीवन पाळीच्या घड्याळावर बसलेले होते. रासायनिक अभिक्रिया, बाष्पक किंवा भट्टी रात्री बंद करता येत नाही, म्हणून माणसांना आळीपाळीने जागावे लागते. सकाळची, दुपारची आणि रात्रीची अशा तीन पाळ्या, त्याही बहुधा आठवड्याने बदलणाऱ्या, आणि ज्या सप्ताहात ‘नाइट’ असते त्या सप्ताहात सकाळी सात-साडेसातला सुटून दिवसा झोपण्याची सक्ती, हे येथील झोपेचे वास्तव आहे. या भागातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्यानंतर मुंबईकडे पहाटेच्या गाडीने निघणाऱ्यांचीही संख्या वाढली आणि त्यांची झोप दुसऱ्या टोकाने कातरली गेली. निद्रानाशावरील बहुतेक मार्गदर्शन रात्री दहाला दिवा मालवणाऱ्या माणसाला गृहीत धरते. सकाळी नऊला उन्हात पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

प्रथम ध्यानाचा विचार करावा लागतो. पातंजल योगसूत्रांत चित्ताच्या ज्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत त्यांत निद्रा ही एक वृत्ती आहे, आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध अशी व्याख्या असल्याने झोपेचाही निरोधच अपेक्षित आहे. बौद्ध परंपरेत आळस आणि गुंगी यांची जोडी ‘थीनमिद्ध’ या नावाने पाच नीवरणांत, म्हणजे साधनेच्या आड येणाऱ्या पाच अडथळ्यांत मोजली जाते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही असे सांगितले आहे, म्हणजे झोप पुरेशी झाल्यानंतरच बसावयाचे, हे तेथे गृहीत आहे. म्हणूनच ध्यानाला ताठ कणा, स्थिर आसन आणि एकच आलंबन लागते: मन भरकटले की ते ओळखणे, परत आणणे, पुन्हा भरकटले की पुन्हा आणणे. ही सततची देखरेख हेच ध्यानातील काम असते. निजताना मात्र नेमकी ही देखरेखच सैल व्हावी लागते. झोपेसाठी पडलेला मनुष्य निष्ठेने ध्यान करू लागला तर तो आपल्याच मनाचा पहारेकरी होतो, आणि पहारा चोख झाला की झोप लांबते. ध्यान करूनही रात्रभर जाग राहिली अशी तक्रार करणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ध्यान चुकलेले नसते; ते चुकीच्या वेळी, अंथरुणावर केलेले असते.

आडवे पडून करावयाच्या विश्रांतीची परंपरा वेगळी आहे. हठप्रदीपिकेत शवासनाचे वर्णन अगदी थोडक्यात येते: प्रेताप्रमाणे जमिनीवर उताणे पडावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते. या आसनाला आधुनिक वैद्यकाच्या कसोटीवर घासण्याचे काम महाराष्ट्रात झाले, आणि ते आज जवळपास विसरले गेले आहे ही खेदाची गोष्ट आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामात योगक्रियांची प्रायोगिक तपासणी सुरू झाली होती. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामाच्या विनेकर यांच्यासह केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यात उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवण्यात आले. पद्धतीतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. पाय एकमेकांपासून सुमारे ३० अंशांत, हात धडापासून सुमारे १५ अंशांत, बोटे किंचित वळलेली, पापण्या सैल मिटलेल्या. श्वास पोटाने आणि संथ, आत घेतल्यानंतर लहान विराम आणि सोडल्यानंतर थोडा मोठा. आणि लक्ष नाकपुड्यांशी, आत येणाऱ्या हवेच्या गारव्याकडे आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या उबेकडे. रोज सुमारे अर्धा तास असा सराव केलेल्यांपैकी अनेकांचा रक्तदाब उतरला आणि काहींची औषधाची मात्रा कमी करता आली. अभ्यास लहान होता आणि आजच्या निकषांनी त्यात त्रुटी दिसतात. तरीही पडून राहणे आणि पद्धतशीर विसावणे या दोन गोष्टी शरीराला निराळ्या कळतात, हे त्याने मोजमापाने दाखवले.

योगनिद्रा हे नाव मराठी वाचकाला आषाढातल्या देवशयनी एकादशीमुळे परिचित आहे. चातुर्मासात श्रीविष्णू ज्या निद्रेत असतात ती योगनिद्रा, आणि हठयोगाच्या ग्रंथांत समाधीसारख्या अवस्थेलाही हे नाव दिलेले आढळते. आज ज्या साधनेला योगनिद्रा म्हटले जाते तिची बांधणी मात्र विसाव्या शतकातील आहे. मुंगेर येथे १९६३ मध्ये बिहार योग विद्यालय स्थापन करणारे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी तंत्रमार्गातील न्यासाचा, म्हणजे मंत्रोच्चारासह शरीराच्या एकेका अवयवावर देवतेची स्थापना करण्याच्या विधीचा आधार घेऊन ही क्रमबद्ध पद्धत सिद्ध केली. तिच्यात आधी स्थिर पडणे, मग संकल्प, म्हणजे मनाशी एक लहान निश्चयवाक्य बोलणे, त्यानंतर देहभ्रमण, श्वासाची उलटी गणना, जड–हलके आणि उष्ण–शीत अशा परस्परविरुद्ध संवेदनांची जोडी, भराभर बदलणारी मनःचित्रे, पुन्हा संकल्प आणि शेवटी सावकाश बाहेर येणे असे टप्पे आहेत. त्याआधीच युरोप-अमेरिकेत एडमंड जेकबसन यांची स्नायू आवळून सोडण्याची पद्धत आणि योहानेस शुल्त्स यांची १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आलेली, अवयव जड आणि उबदार झाल्याचे स्वतःला सुचवण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि योगनिद्रेच्या आजच्या रूपात या दोन्हींशी साम्य असलेले धागे दिसतात. त्याने साधनेचे मोल कमी होत नाही. मात्र ती जशीच्या तशी हजारो वर्षांपूर्वीची आहे असे सांगणे अभ्यासकाला शोभत नाही.

देहभ्रमण हा या साधनेचा कणा आहे आणि झोपेशी सर्वांत निकटचा भागही तोच. सूचना बोलणारा सूचक उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करतो: अंगठा, पहिले बोट, मधले बोट, अनामिका, करंगळी, तळहात, हाताची पाठ, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, खुबा, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय, पायाची बोटे; मग डावी बाजू, मग पाठ, मग डोक्यापासून खालीपर्यंत पुढची बाजू. येथे वेग महत्त्वाचा आहे. प्रत्येक अवयवाचे नाव घेऊन लगेच पुढे जायचे असते, कारण एका जागी रेंगाळले की मन तेथे विचार सुरू करते, आणि फार घाईने गेले की ऐकणाराच मागे राहून धडपडतो. लक्ष सतत हलत राहते, पण त्याला कुठेही काम सांगितलेले नसते: काही बदलायचे नाही, काही शिथिल करायचे नाही, फक्त नावामागून जायचे. सूचना परक्या भाषेत असतील तर मनात भाषांतर सुरू होते आणि हा ओघ तुटतो. म्हणून बोईसरच्या कामगारवस्तीत, जेथे मराठीच्या शेजारी वारली, हिंदी, भोजपुरी आणि ओडिया बोलली जाते, तेथे ध्वनिमुद्रण निवडताना आवाजाच्या गोडव्यापेक्षा घरच्या भाषेला प्राधान्य द्यावे.

देहनिरीक्षणाची वाट दुसऱ्या दिशेने येते, आणि तिचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. म्यानमारचे उ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून १९६९ मध्ये भारतात आलेले सत्यनारायण गोयंका यांचे मुख्य केंद्र १९७६ पासून इगतपुरीला, पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. तेथे डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने संवेदना पाहत जाण्याची पद्धत शिकवली जाते, परंतु ती बसून, पूर्ण जागेपणी, आणि सुखद–दुःखद दोन्ही संवेदनांकडे समतेने पाहण्यासाठी. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी जो क्रम सुरू केला, त्यात अशा प्रकारचे अवलोकन आडवे पडून करण्याची सोय झाली, कारण रुग्णांना फार वेळ बसवत नव्हते. तेथे सुरुवात डाव्या पायाच्या बोटांपासून होते, एकेका भागाशी श्वासासह बराच वेळ थांबले जाते आणि संपूर्ण फेरीला सुमारे ४५ मिनिटे लागतात. योगनिद्रेत लक्ष वाहते. देहनिरीक्षणात ते मुक्काम करत जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण लोकप्रिय पुस्तकांतून ती वगळली जाते: मूळ स्वरूपात ही दोन्ही साधने झोपण्यासाठी नाहीत. योगनिद्रेत सूचक वारंवार जागे राहण्यास सांगतो, आणि देहनिरीक्षणही सजगता वाढवण्यासाठी योजलेले आहे. दोन्हींत डुलकी लागणे ही साधकाची नेहमीची अडचण म्हणूनच नोंदवली जाते. ज्या मार्गाने गेल्यावर साधकांना नको असताना झोप लागते, तोच मार्ग झोप हवी असलेल्याने धरायचा, मात्र त्यावरचे जागे ठेवणारे टप्पे काढून टाकायचे, हे निद्रोपयोगी रूपाचे सूत्र आहे. जागे राहण्याची सूचना गळते, शेवटचे ‘बाहेर या’ गळते, भराभर बदलणारी मनःचित्रे बहुतेकांच्या बाबतीत गळावीत, कारण ती कुतूहल जागवतात. संकल्प ठेवायचा तर तो झोपेविषयी नसावा, कारण ‘मला आता झोप लागणार’ हे वाक्य लगेचच परीक्षेचे रूप घेते आणि पुढची दहा मिनिटे तिचा निकाल तपासण्यात जातात.

असे का घडते, हे झोप लागण्याच्या शारीरिक क्रियेवरून कळते. झोप जवळ आली की हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तळहात-तळपाय उबदार होतात, त्या वाटेने आतली उष्णता बाहेर जाते आणि शरीराचे अंतर्गत तापमान उतरू लागते; नाडी मंदावते, स्नायूंचा ताण कमी होतो. मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात डोळे मिटलेल्या स्वस्थ जागेपणीच्या अल्फा लहरी विरळ होऊन अधिक मंद थीटा लहरी दिसू लागतात, आणि मन सलग विचारांऐवजी तुटक चित्रे दाखवू लागते. चिंता, वेदना किंवा ‘झोप आलीच पाहिजे’ हा प्रयत्न यांपैकी काहीही असले की सावधतेची यंत्रणा चालू राहते, हातापायांच्या वाहिन्या आकसलेल्या राहतात आणि हा उतार सुरूच होत नाही. देहभ्रमण किंवा देहनिरीक्षण येथे दोन प्रकारे साहाय्य करते: एक तर भाषेच्या आधाराने धावणाऱ्या काळजीला ते निरर्थक, भावनारहित असे दुसरे काही देते, आणि दुसरे म्हणजे स्थिर पडून संथ श्वास घेतल्याने शरीराची ती उतरंड आपोआप सुरू होऊ शकते. झोप आणणे त्यांच्या हातात नाही. झोपेच्या आड येणारी सावधता बाजूला करणे एवढेच त्यांचे कार्य.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित डॉ. करुणा दत्ता आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दीर्घकालीन निद्रानाशाच्या ४१ रुग्णांची योगनिद्रा आणि निद्रानाशासाठी प्रमाणित मानली जाणारी आकलन-वर्तन उपचारपद्धती अशा दोन गटांत तुलना केली. दोन्ही गटांत झोप सुधारली; योगनिद्रेच्या गटात गाढ झोपेचे प्रमाण वाढले आणि लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरले. याच संशोधकांनी पुढे असेही नोंदवले की योगनिद्रेत साधक जागा असतानाच मेंदूच्या काही भागांत गाढ झोपेसारख्या मंद लहरी आढळतात. रुग्णांची संख्या लहान असल्याने यावर मोठी इमारत रचता येत नाही, परंतु दिशा विश्वासार्ह आहे.

आता रात्रपाळीच्या माणसाचा एक दिवस उदाहरणासाठी घेऊ. समजा, अकरा ते सातची पाळी करून एक कामगार साडेसातला बोईसरच्या खोलीवर परततो. बाहेर ऊन चढलेले आहे, आणि येताना डोळ्यांवर पडलेल्या प्रकाशाने त्याच्या मेंदूतील दिवस-रात्रीच्या घड्याळाला सकाळ झाल्याचा संदेश दिलेला आहे. सतरा-अठरा तास जागल्याने झोपेचा दाब भरपूर आहे, म्हणून पडल्या पडल्या डोळा लागतो. परंतु अकरा-बाराच्या सुमारास दाब अर्धा उतरतो, घड्याळ मात्र दिवसाची जाग पुरवतच असते, आणि झोप मोडते ती परत येत नाही. अशा माणसाने देहभ्रमण कुठे वापरावे? सकाळी पडताना त्याला त्याची गरज फारशी नसते; खरी गरज त्या दुपारच्या मोडलेल्या झोपेच्या वेळी असते, आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात, जेव्हा पहाटे लवकर उठायचे म्हणून रात्री नऊला पडावे लागते पण झोप अजून दूर असते.

मोडलेल्या झोपेसाठीची कृती अशी असावी. पडदा आधीच लावलेला असावा, मोबाइल हाताशी नसावा, ध्वनिमुद्रण वापरायचे तर ते आदल्या दिवशीच उतरवून, जाहिरात येणार नाही अशा रीतीने ठेवावे आणि आवाज इतका कमी असावा की शब्द कसेबसे कळावेत. जाग आल्यावर घड्याळ न पाहता कुशी बदलून किंवा उताणे पडून तीन-चार श्वास लांबवावेत, बाहेर सोडलेला श्वास आत घेतलेल्यापेक्षा थोडा लांब. मग उजव्या अंगठ्यापासून मनातल्या मनात फेरी सुरू करावी, एका श्वासाला एक अवयव या गतीने. फेरीत मध्येच कारखान्यातला प्रसंग आठवला तर तो कुठून आला हे न शोधता जो अवयव आठवतो तेथून पुढे जावे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा हट्ट ही ध्यानाची सवय आहे, झोपेची नव्हे. पूर्ण फेरीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. झोप जवळ आल्याची खूण अशी की क्रम तुटू लागतो, गुडघ्यानंतर पोटरी येण्याऐवजी एकदम खांदा येतो, मध्येच असंबद्ध चित्र दिसते, ध्वनिमुद्रणातील काही वाक्ये ऐकलीच नाहीत असे वाटते. या क्षणी क्रम दुरुस्त करणारा मनुष्य स्वतःला जागे करतो. तो तसाच तुटू द्यावा. पाय एकदम झटकला गेला तर घाबरू नये, झोप लागतानाचा हा झटका सामान्य आहे.

कुठे चुकते हे ओळखण्याच्या खुणाही ठाऊक असाव्यात. कपाळ आवळलेले, दात एकमेकांवर दाबलेले, जीभ टाळूला घट्ट चिकटलेली आढळली तर फेरी शिथिलतेची न राहता कामगिरीची झाली आहे. अशा वेळी अवयव कमी करून फक्त दोन्ही तळहात आणि तळपाय एवढ्यावर यावे. एखाद्या भागाकडे लक्ष जाताच छातीत धडधड वाढत असेल किंवा तेथील दुखणे अधिकच मोठे वाटत असेल, तर देहनिरीक्षणाचा थांबत जाणारा प्रकार सोडून वेगाने वाहणारे देहभ्रमण घ्यावे, नाही तर शरीराबाहेरच्या आवाजाकडे, पंख्याच्या घरघरीकडे लक्ष द्यावे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्या काळात धुंदलवाडी परिसरातील लोकांना घराबाहेर, तंबूत झोपावे लागले होते. ज्याच्या शरीराने जमीन हलल्याचा अनुभव साठवला आहे, त्याला शरीरातील प्रत्येक स्पंदन तपासायला सांगणे म्हणजे त्याच्या भीतीलाच कामाला लावणे आहे, आणि तेथे बाह्य आवाजावरचा सरावच योग्य ठरतो.

एक तांत्रिक विरोधही येथे सोडवावा लागतो. निद्रानाशाच्या वर्तनोपचारात १९७० च्या दशकापासून असा नियम आहे की सुमारे वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडावे, म्हणजे अंथरूण आणि जाग यांची गाठ पडत नाही. तासभर अंथरुणात देहभ्रमण करत राहणे या नियमाच्या विरुद्ध जाते. यावर व्यवहार्य तोडगा असा की एक फेरी पूर्ण होऊनही जाग स्पष्ट असेल तर उठून मंद प्रकाशात बसावे, बसूनच काही वेळ श्वासाची उलटी गणना करावी, आणि पेंग आल्यावरच पुन्हा पडावे. फेऱ्यांवर फेऱ्या करत राहणाऱ्यांना काही आठवड्यांनी साधनेचाच कंटाळा येतो. त्याचे कारण साधनेत शोधण्यापेक्षा या अतिरेकात शोधावे.

मर्यादांविषयी कोणतीही भाबडी आशा नसावी. देहभ्रमण सावधता कमी करते, पण प्रकाशाने बसवलेले घड्याळ सरकवत नाही; आठवड्याला बदलणारी पाळी शरीराला ते घड्याळ जुळवून घ्यायला पुरेसा अवधीच देत नाही, आणि हा प्रश्न कामगाराच्या श्वासाने सुटणारा नाही, पाळीचे वेळापत्रक ठरवणाऱ्याने सोडवायचा आहे. पहाटे तीन-चारला घेतलेल्या चहातील कॅफिनचा बराच अंश सकाळी नऊपर्यंत रक्तात असतो, म्हणून पाळीच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा टाळणे हे अनेकदा कोणत्याही सरावापेक्षा अधिक परिणाम करते. पालघरच्या किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत दमट उकाड्यात त्वचेतून उष्णता बाहेर पडणेच कठीण होते, तेव्हा ‘हातपाय उबदार होत आहेत’ ही शुल्त्स यांच्या परंपरेतील सूचना वगळावी, कोमट पाण्याने अंघोळ करून पंख्याखाली पडावे आणि जडपणाची सूचना तेवढी ठेवावी. जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास थांबतो असे घरच्यांना दिसते, आणि जो पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंगतो, त्याला झोपेतील श्वासरोधाचा विकार असण्याची शक्यता आहे. उताणे पडून केलेला सराव त्याच्या विकारात भरच घालू शकतो, म्हणून त्याने कुशीवर पडावे आणि तपासणी करून घ्यावी. पायांत रात्री असह्य वळवळ उठणाऱ्याने रक्तातील लोहाची चाचणी आधी करावी, कारण त्याला स्थिर पडून पायाकडे लक्ष देण्याने त्रासच होतो.

रात्रपाळीला जाण्यापूर्वी सायंकाळी वीस मिनिटे योगनिद्रा करणारे बरेच असतात, आणि तिचा उपयोगही होतो, परंतु येथे मूळची, जागे ठेवणारी आणि शेवटी ‘बाहेर या’ म्हणणारी पद्धतच वापरावी, कारण यात उद्देश विश्रांती घेऊन कामावर जाण्याचा असतो. बाहेर आल्यावर लगेच दुचाकीवर बसू नये. अंग पूर्ण जागे होण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात, तेवढ्यात तोंड धुऊन, डबा भरून, दिव्याच्या उजेडात थोडे चालून घ्यावे. सकाळी सुटतानाही, डोळे मिटत असतील तर घरी जाण्यासाठी स्वतः गाडी चालवण्याऐवजी कारखान्याची बस किंवा सहाआसनी रिक्षा घ्यावी. वीस मिनिटांची योगनिद्रा कितीही चांगली झाली असली तरी ती गमावलेल्या तासांची झोप भरून काढत नाही.